कीफ्रेम गाळताना चूक कुठे मोजायची: सांध्यात की टाचेत?

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसाची ॲनिमेशन क्लिप मी मोबाइलवरच्या खेळासाठी हलकी करत होतो, म्हणजे ठरावीक क्षणी सांध्यांची स्थिती नोंदवणाऱ्या कीफ्रेमपैकी नको त्या गाळत होतो. तो टाच वाळूत रोवतो, मागे रेलून दोरी खेचतो आणि मगच एक पाऊल मागे टाकतो. टाच दीड-दोन सेकंद एकाच जागी असते, त्यामुळे ती जराशी सरकली तरी लगेच डोळ्यांत खुपते.

पहिला मार्ग सोपा आहे. प्रत्येक सांध्याच्या वक्ररेषेला ठरावीक सूट द्यायची आणि जी कीफ्रेम काढूनही फरक त्या सुटीच्या आतच राहतो ती काढून टाकायची. युनिटी या गेम इंजिनात ही सूट म्हणजे `Rotation Error`, आणि तिची मूळ किंमत 0.5 अंश आहे. ऐकायला ती किरकोळ वाटते, पण कंबरेपासून घोटा 90 सेंमीवर असेल तर अर्ध्या अंशाने तो जवळजवळ 8 मिमी हलतो. मांडीच्या सांध्यापासूनच्या 80 सेंमीत आणखी 7, गुडघ्याखालच्या 40 सेंमीत साडेतीन. तिन्ही चुका एकाच दिशेला गेल्या तर 18 मिमी. प्रत्येक सांधा नियमात, आणि टाच मात्र घसरलेली!

खरा घोळ चूक किती आहे यापेक्षा ती बदलत राहण्यात आहे. टाच सगळा वेळ 5 मिमी बाजूला राहिली तर कुणाला कळत नाही. पण दोन कीफ्रेमच्या मध्ये चूक फुगते आणि पुन्हा शून्यावर येते, म्हणून पाय सरकून परत आल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या मार्गात चूक टाचेतच मोजतात. टाच जमिनीलगत आणि जवळपास स्थिर असते तो काळ आधी आखून घ्यायचा. त्याच्या दोन्ही टोकांना कंबर, मांडी, गुडघा आणि घोटा यांच्या कीफ्रेम राखायच्या, नाहीतर उचललेल्या पावलाची वक्रता टेकलेल्या काळात शिरते. मग एकेक कीफ्रेम काढून कंबरेपासून खाली टाचेची जागा पुन्हा काढायची. टेकलेल्या काळात मी 1 मिमी, हवेत 5 मिमी चालवून घेतो. तुलना दर वेळी मूळ क्लिपशी आणि प्रत्येक फ्रेमवर करायची. आधीच गाळलेल्या क्लिपशी केली तर चुका साचत जातात. यात वेळ बराच जातो आणि पायांच्या कीफ्रेम जास्त उरतात. हात, मान, पाठ यांच्यात मात्र मोकळेपणाने गाळता येतं. फक्त रापणीत हाताचा तळवा दोरीवर असतो, त्यामुळे तिथेही हेच मोजमाप लावावं लागलं.

खेळ चालू असताना आयके, म्हणजे पावलाच्या जागेवरून वरच्या सांध्यांचे कोन उलटे काढणारी पद्धत, लावून पाय जागी धरणं हा तिसरा पर्याय. पण मागे रेललेल्या माणसाचा पाय जवळपास सरळ असतो, आणि तशा पायाला थोडंसं ओढलं तरी गुडघा झटका खातो.

तपासायला टाचेची आडवी जागा काळानुसार आलेखावर काढा. मूळ क्लिपमध्ये टेकलेला भाग सपाट असतो. गाळलेल्या क्लिपमध्ये तिथे उंचवटा आला तर तीच घसरण.

दूरच्या गर्दीतल्या माणसांना पहिला मार्ग पुरतो. कॅमेऱ्यासमोर दोरी ओढणाऱ्याला मी दुसराच देईन.