पुस्तिकेचा मजकूर: १५ पॉइंटची ओळ की १८ पॉइंटची?

सदाशिव पेठेतील एका वाचनालयाच्या पुस्तिकेसाठी आम्ही ए-५ आकाराच्या पानावर, १२ पॉइंटच्या अक्षरात, एकाच लेखाचे दोन नमुने छापून पाहिले.

पहिल्या नमुन्यात ओळींमधील अंतर १५ पॉइंट आणि प्रत्येक परिच्छेदानंतर ६ पॉइंट मोकळी जागा होती. १६५ मिमी उंचीच्या मजकुरात साधारण ३० ओळी बसल्या, आणि लेख २० पानांत संपला. मात्र ‘उद्धृत’सारख्या शब्दातील खाली उतरणारे जोडाक्षर आणि त्याच्याच खालच्या ओळीतील ‘मार्गी’चा रफार व वेलांटी जवळजवळ एकमेकांना टेकली. रोमन लिपीसाठी पुरणारे हे अंतर देवनागरीला अपुरे पडते, कारण आपली चिन्हे शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खालीही जागा घेतात.

दुसऱ्या नमुन्यात अंतर १८ पॉइंट ठेवले, परिच्छेदांमधील मोकळी जागा काढली आणि पहिली ओळ १२ पॉइंट आत घेतली. पानावर २६ ओळी आल्या, म्हणजे पाने २४ झाली. मधोमध पिना मारायच्या असल्याने पाने चारच्या पटीत वाढणे सोयीचेच होते. शिवाय पातळ कागदावर मागच्या बाजूच्या ओळी पुढच्या ओळींच्या बरोबर मागे राहिल्या. पहिल्या नमुन्यात त्या ६ पॉइंटांमुळे सरकून मधल्या कोऱ्या पट्टीत डोकावत होत्या, आणि समोरासमोरच्या पानांचे तळही जुळत नव्हते.

सलग गद्यासाठी मी दुसरा नमुनाच निवडेन. सूचना किंवा नियमावलीसारख्या तुटक मजकुराला मात्र परिच्छेदांमधील मोकळी जागा अधिक उपयोगी पडते.