बक्षीसपत्र, मृत्युपत्र की हक्कसोड? वडिलांचे घर विकताना किंमत कोणाची धरायची आणि काळ कुठून मोजायचा

राजारामपुरीतले वडिलांचे घर आज ना उद्या विकायचेच आहे. मग ते आत्ताच बक्षीसपत्राने मुलांच्या नावे करावे, मृत्युपत्रात लिहून ठेवावे, की मागाहून भावंडांनी हक्कसोड करून एकाच्या नावावर आणावे? घरात याची चर्चा बहुतेक वेळा मुद्रांक शुल्कापाशीच थांबते. विक्रीच्या वर्षी लागणारा भांडवली नफ्याचा कर मात्र वेगळ्या दोन गोष्टींवर ठरतो: घर कितीला पडले असे धरायचे, आणि ते किती काळ जवळ होते असे मानायचे.

वारसाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेल्या मालमत्तेसाठी तुम्ही काही मोजलेले नसते. म्हणून ज्याने शेवटी पैसे देऊन ती घेतली, त्याची किंमत कायदा तुम्हाला लावतो आणि त्याचा काळही तुमच्या काळात मिळवतो. आजोबांनी घेतलेले घर वडिलांकडे वारसाने आले असेल, तर आजोबांपर्यंत मागे जायचे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात किंमतीचे हे सूत्र कलम ४९(१) मध्ये होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, सूत्र तेच राहिले.

आता एक घर घेऊन हिशेब करू. वडिलांनी १९८८ मध्ये प्लॉट घेऊन घर बांधले, सगळा खर्च १ लाख २० हजार. २०१२-१३ मध्ये ५ लाख खर्चून वरचा मजला चढवला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते गेले, घर मुलगा आणि मुलीकडे निम्मे-निम्मे आले. जानेवारी २०२६ मध्ये ते ७५ लाखांना विकले, दलाली ७५ हजार. हाती राहिले ७४ लाख २५ हजार.

घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असल्याने मूळ खर्चाऐवजी त्या तारखेचे बाजारमूल्य धरता येते. समजा मान्यताप्राप्त मूल्यांककाने ११ लाखांचा दाखला दिला, पण त्या दिवशीच्या रेडीरेकनरने घर ८ लाखांचे येते. तर ८ लाखच धरायचे, कारण जमीन आणि इमारतीसाठी रेडीरेकनर ही वरची मर्यादा आहे. मूल्यांककाच्या अहवालात २००१ च्या दरतक्त्याचा उतारा जोडलेला आहे का, हे पैसे देण्याआधीच पाहा. तो नसेल तर तपासणीत पहिला प्रश्न तिथेच निघतो.

२३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तीला दोन्ही हिशेब करून कमी कर भरता येतो. महागाई निर्देशांक न लावता: ८ आणि ५ मिळून १३ लाख वजा केले की नफा ६१,२५,०००, त्यावर १२.५ टक्क्यांनी कर ७,६५,६२५. निर्देशांक लावून, म्हणजे खर्चाला विक्रीच्या वर्षाच्या आकड्याने गुणून खर्चाच्या वर्षाच्या आकड्याने भागून: २०२५-२६ चा आकडा ३७६, २००१-०२ चा १००, २०१२-१३ चा २००. ८ लाखांचे ३७६ भागिले १०० ने ३०,०८,००० होतात, मजल्याच्या ५ लाखांचे ३७६ भागिले २०० ने ९,४०,०००. नफा ३४,७७,०००, २० टक्क्यांनी कर ६,९५,४००. इथे निर्देशांकाची जुनी पद्धत ७० हजारांनी स्वस्त पडते. दोन्हींवर ४ टक्के उपकर वेगळा.

चुका होतात त्या याच टप्प्यावर. एक म्हणजे मृत्यूच्या दिवशीची किंमत खरेदी म्हणून धरणे. घर २०१९ मध्ये ६० लाखांचे होते म्हणून नफा फक्त सव्वाचौदा लाख दाखवला, तर ती तूट नोटिशीतून व्याजासह परत येते. दुसरी चूक उलटी, स्वतःचे नुकसान करणारी: निर्देशांक मृत्यूच्या वर्षापासून लावणे. २०१९-२० चा आकडा २८९ घेतला तर ८ लाखांचे जेमतेम १० लाख ४१ हजार होतात, ३० लाख नव्हेत. मंजुळा शहा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे की निर्देशांक आधीच्या मालकाच्या वर्षापासून मोजायचा.

वडिलांनी चढवलेला मजलाही तुमच्याच हिशेबात येतो, पण कागद हवा. बिले हरवली असतील तर महापालिकेचा बांधकाम परवाना, त्या वर्षी वाढलेल्या घरफाळ्याची पावती आणि बँकेतून निघालेली रक्कम, ही तीन मिळून बरीचशी बाजू सावरतात.

बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

किंमत आणि काळ यांपुरते दोन्ही मार्ग सारखे, म्हणून कर वाचवायला घाईने बक्षीसपत्र करण्यात अर्थ नाही. फरक दुसरीकडे आहे. बक्षीस पत्नीला किंवा सुनेला दिले आणि तिने ते विकले, तर नफा देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिले तर तसे होत नाही, आणि वारसाने आलेल्या घराला हा नियम कोणालाच लागत नाही. राहत्या घराच्या बक्षीसपत्राला पत्नी, मुले, नातवंडांसाठी मुद्रांक २०० रुपये असला तरी महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा असतो. दुय्यम निबंधक कार्यालयातून पूर्ण रक्कम आधी काढून घ्या. आणि नोंदणी झाली की वडील मालक राहत नाहीत. मला तर वडील हयात असताना मृत्युपत्रच बरे वाटते.

२३ जुलै २०२४ नंतर बक्षीस किंवा वारसा मिळाला असेल तर जरा थांबा. निर्देशांकाची सवलत त्या तारखेपूर्वी 'संपादन केलेल्या' मालमत्तेला आहे, आणि तिथे वडिलांची तारीख धरायची असे त्या तरतुदीत स्पष्ट लिहिलेले नाही. विवरणपत्र भरण्याआधी सीएचे मत लेखी घ्या.

चुलतभावाकडून बक्षीस घेणाऱ्याने तर फारच जपून राहावे. करकायद्याच्या यादीत सख्खी भावंडे, काका, आत्या, मामा, मावशी आहेत, चुलतभाऊ नाही. त्याने दिलेल्या घराची रेडीरेकनर किंमत त्याच वर्षी तुमचे उत्पन्न ठरते. पुढे विकताना खरेदी म्हणून तीच धरली जाते. तेच घर त्याने मृत्युपत्राने दिले तर मिळताना कर शून्य, आणि जुनी किंमत व जुना काळ तुमच्याकडे येतो.

हक्कसोड: पैसे घेऊन की न घेता?

बहिणीने काही न घेता हक्क सोडला तर वडिलांचीच किंमत आणि काळ पुढे चालतो. पण वरच्याच घरात भावाने मार्च २०२५ मध्ये तिला ३० लाख दिले असते, तर तो निम्मा हिस्सा त्याने विकत घेतला असे झाले. त्या हिश्श्याची खरेदी ३० लाख, काळ मार्च २०२५ पासून. जानेवारी २०२६ ला विकताना २४ महिने भरलेले नाहीत, म्हणून त्या निम्म्यावरचा ७,१२,५०० चा नफा अल्पकालीन होऊन त्याच्या स्लॅबने कर लागतो. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये तो २,१३,७५० होतो. बहिणीलाही मिळालेल्या ३० लाखांवर स्वतःचा भांडवली नफा दाखवावा लागतो, तो भावाच्या कराशिवाय.

म्हणून घर लवकरच विकायचे असेल तर हक्कसोड टाळून दोघांनी मिळून खरेदीखतावर सह्या कराव्यात. नफा दोघांत विभागतो, आणि राहत्या घराची सूट किंवा ५० लाखांपर्यंतच्या रोख्यांची सूट प्रत्येकाला आपापली मिळते. रोखे विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यावे लागतात. भावाला घर स्वतः राहायला ठेवायचे असेल, तर मात्र मोबदला देऊन केलेली हक्कसोड योग्यच. फक्त रक्कम बँकेतूनच द्यावी आणि दस्तात आकडा खरा लिहावा, कारण पुढच्या विक्रीत त्याची खरेदी किंमत तोच आकडा असणार आहे.

करवीर तालुक्यातली उसाची जमीन असेल तर आधी अंतर मोजा. कोल्हापूरसारख्या एक ते दहा लाख वस्तीच्या शहरात महापालिका हद्दीपासून हवाई अंतराने ६ किलोमीटरच्या आतली शेतजमीन करपात्र धरतात. त्यापलीकडची, दुसऱ्या कोणत्या नगरपालिकेच्या टप्प्यात येत नसेल, तर भांडवली मालमत्ताच नसते आणि वरचा हिशेब करावाच लागत नाही.