टक्क्यांचा स्टॉप की चार्टचा? 50 हजारांच्या खात्याचा ट्रेडिंग प्लॅन

नागपुरात नोकरी करून डिलिव्हरीत ट्रेड करणाऱ्या नवख्याने प्लॅन लिहायला घेतला की एन्ट्रीची ओळ लगेच जमते: मागच्या आठवड्याचा उच्चांक ओलांडून भाव बंद झाला, तर दुसऱ्या दिवशी खरेदी. पेन अडतं ते स्टॉपवर, म्हणजे भाव पडला तर कुठे विकून बाहेर पडायचं यावर. खरेदीच्या 3 टक्के खाली, की अलीकडच्या तळाच्या खाली?

खातं 50,000 चं आणि एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त 1 टक्का, म्हणजे 500 रुपये गमवायची तयारी, असं धरू. खरेदी 412 ला, अलीकडचा तळ 391.

टक्क्यांच्या हिशेबाने स्टॉप येतो 400 ला. सोपं आहे, चार्ट वाचता येत नसला तरी चालतं. पण हा शेअर रोज सरासरी 10 रुपये वरखाली होत असेल, तर 12 रुपयांचा स्टॉप एक-दोन साध्या दिवसांतही उडू शकतो आणि भाव पुन्हा वर जातो.

चार्टचा स्टॉप तळाच्या जरा खाली, 389 ला. अंतर 23 रुपये. 500 भागिले 23 म्हणजे 21 शेअर, पण इथेच थांबू नका. एसटीटी, स्टॅम्प ड्युटी आणि विक्रीवरचे डीपी चार्जेस मिळून साधारण 40 रुपये जातात, ब्रोकरेज असेल तर आणखी. म्हणून 460 ला भागा: 20 शेअर. स्टॉप लांब असला तरी तोटा तेवढाच राहतो, कारण शेअर कमी घेतले.

माझं मत स्पष्ट आहे: तळ ओळखता येत असेल तर चार्टचाच स्टॉप घ्या. येत नसेल तोवर टक्क्यांचा चालेल, मात्र तो रोजच्या सरासरी हालचालीच्या दुप्पट तरी ठेवा.

एक धोका दोन्हीकडे सारखाच. सव्वानऊला तुम्ही बुटीबोरीच्या बसमध्ये असता आणि शेअर थेट 380 ला उघडतो. ट्रिगर 389 आणि लिमिट 387 असेल, तर ऑर्डर लागते, पण भाव 387 च्या खाली असल्याने विक्री होत नाही. त्यामुळे प्लॅनमध्ये हे वाक्य हवंच: ‘स्टॉपखाली उघडला तर मिळेल त्या भावाला विकायचं.’ तोटा 500 च्या वर जाईल, तरी विकायचं.

रविवारच्या आढाव्यात प्रत्येक ट्रेडसमोर ठरवलेला स्टॉप आणि प्रत्यक्षात विकलेला भाव लिहा. शिवाय स्टॉप उडाल्यावर पाच दिवसांत भाव खरेदीच्या वर परतला का, तेही. असं वारंवार दिसलं तर स्टॉप फार जवळ आहे. परतत नसेल आणि तोटा मात्र 500 हून मोठा दिसत असेल, तर गॅप पडलाय, म्हणजे भाव थेट स्टॉपखाली उघडलाय, की तुम्हीच स्टॉप खाली सरकवलाय ते ऑर्डर बुकमध्ये तपासा. गॅप असेल तर त्या शेअरमध्ये पुढच्या वेळी निम्मेच शेअर घ्या. स्टॉप सरकवला असेल तर आठवडाभर नवी खरेदी बंद.