सामना चालू असतानाचे भाव काढणारी स्प्रेडशीट: हंगामभर वापरल्यावर

प्रीमियर लीग बघताना ही शीट शेजारी उघडी ठेवायची सवय आता हंगामभराची झाली. पैसे लावत नाही. बेटिंग एक्सचेंजवरचा भाव कशाने हलला ते कळावं, एवढाच हेतू. गणित साधं आहे: दोन्ही संघांचे सामन्याआधीचे अपेक्षित गोल घ्यायचे, वेळ सरेल तसे ते घटवायचे आणि पॉयसन वितरणाने शक्यता काढायच्या.

मूळ शीट हे गोल मिनिटांच्या सरळ प्रमाणात घटवते, आणि तिथेच घोळ आहे. उत्तरार्धात गोल जास्त होतात, साधारण 100 पैकी 55, आणि भरपाईचा वेळही तिकडेच जास्त असतो. यजमान 1.6, पाहुणे 1.1 धरा. 60व्या मिनिटाला 0-0 असेल, तर सरळ हिशेबाने एक तृतीयांश, म्हणजे 0.9 गोल उरतात. सामना 0-0च संपण्याची शक्यता 41 टक्के, रास्त भाव 2.46. मी उरलेला वाटा 0.38 केला:

```
=EXP(-(1.6+1.1)*0.38)
```

आता 36 टक्के, भाव 2.79. तुमची शीट कुठे आहे ते तपासायचं असेल, तर तिने ‘40 टक्के’ म्हटलेले सगळे सामने एकत्र काढा आणि त्यांतले खरंच किती 0-0 सुटले ते मोजा.

लाल कार्डासाठी मी 2006चा विश्वचषक आणि 2008च्या युरोमधल्या चालू भावांवरून काढलेले गुणक वापरतो: दहा जणांच्या संघाला 2/3, समोरच्याला 5/4. नोव्हेंबर 2023चा टॉटनहॅम-चेल्सी सामना घ्या. टॉटनहॅम 1-0 पुढे असताना रोमेरो बाहेर गेला, त्याच फाउलच्या पेनल्टीवर 1-1 झालं. सुरुवातीला टॉटनहॅम 1.5, चेल्सी 1.3 आणि उरलेला वाटा 0.66 धरला, तर कार्डाविना 0.99 आणि 0.86 उरले असते, कार्डानंतर 0.66 आणि 1.07. फेव्हरिट बदलला, पण बेरीज 1.85 वरून फक्त 1.73 वर आली. लाल कार्ड दिसताच ‘आता गोलांचा पाऊस’ म्हणणाऱ्यांनी ही बेरीज जरूर बघावी.

त्या सामन्यात पुढे उडोगीही गेला. गुणक दुसऱ्यांदा लावता येतात, पण नऊ जण उरल्यावरही पोस्टेकोग्लूचा संघ बचावफळी पार मध्यरेषेजवळ ठेवून खेळेल, हे शीटला कुठून कळणार? चेल्सी 4-1 जिंकली.

गोलनंतरचा बदल त्यामानाने किरकोळ: मागे पडलेल्या संघाचा आकडा थोडा वाढवतो, बस. धक्का खरा देतं ते घड्याळ. त्याच सामन्यात पहिल्या अर्धात 12 मिनिटं भरपाई मिळाली. व्हीएआर चालू असताना शीट मात्र गोल घटवतच राहते, म्हणून खेळ थांबला की मी मिनिटाचा रकाना हाताने गोठवतो. हे आपोआप होत असतं, तर पाचवा तारा दिला असता.