नाईफ प्लीट की अ‍ॅकॉर्डियन: कापड किती, घडी कशी टिकेल?

स्कर्टची कंबर ७२ सेंमी धरू. नाईफ प्लीटमध्ये ३ सेंमी घडी वर दिसते आणि तिच्याखाली ६ सेंमी दडते, म्हणजे एका प्लीटला ९ सेंमी. २४ प्लीट्सना २१६ सेंमी, शिवणीचे वेगळे. कडा एकमेकींना भिडत असतील तर बॉक्स प्लीटलाही तिप्पटच लागते, त्यामुळे कापड वाचवायला बॉक्स निवडू नका.

अ‍ॅकॉर्डियनचा हिशोब निराळा, कारण घडी आडवी पडत नाही, उभी राहते. खोली १ सेंमी असेल तर एका घडीला २ सेंमी कापड. कमरेवर दर ०.८ सेंमीला एक घडी धरली तर ९० घड्या, १८० सेंमी. घड्या जवळ आणल्या की कापड लगेच वाढते.

घडी कायमची हवी तर पॉलिएस्टरच घ्या. उष्णतेने त्याचे धागे नरम होतात आणि थंड होताना नव्या आकारात बसतात. सुती कापडाची घडी धुताच जाते. नाईफ प्लीट घरच्या इस्त्रीने, वर ओलसर फडके ठेवून बसवता येते. अ‍ॅकॉर्डियनला मात्र पुठ्ठ्याचे दुहेरी साचे आणि वाफ हवी. दोन्हींत खालची दुमड आधी शिवा आणि कापड पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नका, नाहीतर घडी सैल पडते. चकाकी दिसली तर उष्णता जास्त झाली. आधी तुकडा बसवून कोमट पाण्यात धुऊन पाहा.