किलोवर गठ्ठा घ्यावा की एकेक निवडून?

पुन्हा विकण्यासाठी जुनी पुस्तकं घेताना गठ्ठा स्वस्त वाटतो, पण ती स्वस्ताई फसवी असते. समजा ४० पुस्तकं घेतली. त्यातली १५ ओलीनं फुगलेली किंवा पानं गळालेली निघाली, १० जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं. विकण्याजोगी उरली १५, म्हणजे प्रत्येक पुस्तक अडीच पटींहून महाग पडलं.

निवडून घेताना दर जास्त द्यावा लागतो, पण पुस्तक हातात असतं. मी आधी वास घेतो, कारण कुबट वास सहसा जात नाही. मग बांधणी आणि शेवटची पानं बघतो. हीच तपासणी पुढे विक्रीसाठी लिहिलेल्या वर्णनात उतरते. ‘चांगली स्थिती’ एवढंच न लिहिता ‘पहिल्या २० पानांवर पेन्सिलच्या खुणा, एक कोपरा दुमडलेला’ असं लिहितो, सोबत त्याच पानाचा फोटो. गठ्ठ्यातल्या पुस्तकांना एवढा वेळ देणं जमत नाही, आणि तक्रारी तिथूनच येतात.

पाठवण्याचा खर्च बहुधा वजनाच्या टप्प्यांवर ठरतो. टप्पा ५०० ग्रॅमचा असेल तर ४८० ग्रॅमचं पुस्तक पुठ्ठ्यात बांधताच पुढच्या दरात जातं. निवडताना काटा जवळ ठेवला तर हे आधीच कळतं.

गठ्ठा मी एकाच वाचकाच्या घरचा असेल तरच घेतो.