फोटोवरून गणित सोडवणारं ॲप: पावसाळाभर वापरल्यानंतर

डिचोलीत मी बी.एस्सी.च्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. वहीतल्या गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारं एक ॲप मुलं वापरायला लागली, म्हणून मीही ते घेतलं आणि पावसाळाभर दोन चलांच्या फलनांवर वापरलं. पार्शल डेरिव्हेटिव्ह काढण्यात ते क्वचितच चुकतं. काळजी घ्यावी लागते ती त्याआधी आणि त्यानंतर.

हे गणित घ्या:

f = x⁴ + y⁴ − 2x² + 4xy − 2y²

f_x = 4x³ − 4x + 4y आणि f_y = 4y³ + 4x − 4y. दोन्ही शून्य मानून बेरीज केली की x³ + y³ = 0, म्हणजे y = −x. ते f_x मध्ये घातलं की x³ = 2x उरतं. म्हणून क्रिटिकल पॉइंट तीन: (0, 0), (√2, −√2) आणि (−√2, √2). शेवटच्या दोन्ही ठिकाणी r = t = 20, s = 4, म्हणून rt − s² = 384. हे धन आणि r ही धन, म्हणजे तिथे किमान, किंमत −8.

आता फोटो. पावसात वही दमट होते, पेन्सिल फिकी उमटते आणि + मधली उभी रेघ हरवते. ॲप −4xy वाचतं आणि बिंदू (√2, √2) व (−√2, −√2) देतं. किमान किंमत मात्र तरीही −8 च येते, कारण चिन्ह बदलणं म्हणजे y च्या जागी −y ठेवणं. मुलं पुस्तकातल्या −8 शी ताडून निश्चिंत होतात! म्हणून मी आलेला बिंदू वहीतल्या f_x मध्ये घालायला लावते. (√2, √2) घातला की 8√2 येतं, शून्य नाही, आणि चूक लगेच उघडी पडते.

(0, 0) वर r = t = −4, s = 4, म्हणून rt − s² = 0. इथे ॲप ‘निष्कर्ष निघत नाही’ म्हणून थांबतं. ते खरंच आहे, पण कसोटी संपली म्हणून गणित संपत नाही. y = 0 घेतलं तर f = x⁴ − 2x², शून्याजवळ ऋण. y = x घेतलं तर f = 2x⁴, धन. f(0, 0) = 0 असल्यामुळे तो सॅडल पॉइंट ठरतो. ही दोन वाक्यं ॲपने द्यायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

हुशार मुलं इथून पुढे प्रत्येक ठिकाणी सरळ रेषाच तपासू लागतात. त्यांना मी (y − x²)(y − 2x²) देते. आरंभबिंदूतून जाणाऱ्या कुठल्याही रेषेवर तिथे किमान दिसतं, पण y = 1.5x² या वक्रावर किंमत −0.25x⁴ निघते. रेषांवरून किमान नाही हे सिद्ध होऊ शकतं, किमान आहे हे नाही. या गणितालाही ॲपचं उत्तर तेच: ‘निष्कर्ष निघत नाही’.